ठणकणारी दाढ, थंडाची कळ आणि अपॉइंटमेंटपर्यंतच्या दोन रात्री

प्रश्न: खालच्या डाव्या बाजूची मागची दाढ चार दिवसांपासून दुखतेय. त्या दाढेत जुनं सिमेंट आहे, त्याचा एक कोपरा तुटलाय असं जिभेला लागतं. आधी फक्त थंड पाणी प्यायलं की सणक यायची. आता थंड लागलं की कळ मिनिट-दोन मिनिटं राहते. काल रात्री तर काहीही न खाता-पिता ठणका लागला, कानापर्यंत गेला, झोप नाही. उठून बसलं की जरा बरं वाटतं. डेंटिस्टची वेळ परवा सकाळी अकराची मिळाली आहे. तोवर काय करू? घरात पॅरासिटामॉल आणि लवंगेचं तेल आहे. मागच्या आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्याही उरल्यात, त्या सुरू करू का? वय ३८, दुसरा आजार नाही, कुठलं औषध चालू नाही.

उत्तर:

अँटिबायोटिकच्या त्या चार गोळ्या घेऊ नका. तुमच्या दुखण्यावर त्यांचा उपयोग होणार नाही, कारण खाली सांगतो. तुम्हाला हवी आहे ती सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी, घड्याळ लावून घेतलेली. तिच्या जोडीला उशाला उंची आणि गालावर बाहेरून गार शेक. एवढ्यावर बहुतेकांच्या दोन रात्री निभावतात. अर्थात मी तुमचा दात पाहिलेला नाही, त्यामुळे हे सगळं तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून सांगतो आहे.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे थंड गेल्यावर कळ किती वेळ राहते. दाताच्या आत, अगदी मध्यभागी, एक पोकळी असते. तिच्यात नसा आणि रक्तवाहिन्या असलेला मऊ जिवंत भाग असतो, बोलताना आपण सगळे त्याला ‘दाताची नस’ म्हणतो. त्याच्याभोवती डेंटिनचा थर असतो आणि त्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक नळ्या असतात, द्रवाने भरलेल्या. वरचं इनॅमल झिजलं, हिरडी खाली सरकली किंवा सिमेंटची कडा तुटली की या नळ्या उघड्या पडतात. थंड लागलं की नळ्यांतला द्रव हलतो आणि आतली नस दचकते. ही झाली सणक. थंड दूर झालं की काही सेकंदांत ती विरते, आणि तोपर्यंत नस बहुधा ठीक असते. फट बंद केली, कीड काढून नवीन सिमेंट भरलं की अशी नस पुष्कळदा पूर्ववत होते.

थंड गेल्यावरही कळ अर्धा मिनिट, मिनिट, दोन मिनिटं मागे रेंगाळू लागली, तर ती वेगळी गोष्ट आहे. तिथे नसेला सूज आली आहे. त्यात काही कारण नसताना आपोआप ठणका सुरू झाला, तर ती सूज स्वतःहून परत फिरेल अशी आशा धरता येत नाही. तुमचा दात सणकेपासून रेंगाळणाऱ्या कळेपर्यंत आणि तिथून आपोआप येणाऱ्या ठणक्यापर्यंत चार दिवसांत पोहोचला आहे. म्हणून परवाची वेळ कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नका. क्लिनिकला आजच फोन करून सांगा की रात्री झोप लागली नाही आणि थंडाची कळ मिनिटभर राहते. एखादी वेळ मोकळी झाली तर तुम्हाला आधी बोलावतील. ‘दाढ दुखतेय’ एवढंच सांगितलं, तर तुमचा नंबर जिथे आहे तिथेच राहील.

ठणका रात्रीच का वाढतो, हे समजलं की उपाय आपोआप लक्षात राहतात. शरीरात दुसरीकडे कुठे सूज आली तर ती जागा फुगू शकते. दाताची नस मात्र चारही बाजूंनी कठीण भिंतींत बंद असते. सुजेला पसरायला जागा नाही, म्हणून आतला दाब वाढतो, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो दाब जाणवतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि ठणकाही वाढतो. उठून बसल्यावर तुम्हाला बरं वाटतं ते यामुळेच. म्हणून दोन्ही रात्री दोन-तीन उशा लावून, पाठीपासून उंच करून झोपा. नुसती मान वाकवून डोकं उचललं तर मान आखडेल आणि उपयोगही कमी होईल. आरामखुर्ची असेल तर त्यात झोपलेलंही चालेल.

आता गोळ्यांबद्दल. दुखणं सुजेतून येतं आहे, म्हणून सूज कमी करणारं औषध इथे जास्त चांगलं काम करतं. पॅरासिटामॉल वेदना कमी करतं, पण सुजेवर त्याचा फारसा परिणाम नाही. आयब्युप्रोफेन दोन्ही करतं. दोन्ही एकत्र घेतली तर परिणाम एकेकट्यापेक्षा चांगला मिळतो, कारण दोन्हींची काम करण्याची पद्धत वेगळी आहे. प्रौढ माणसाच्या दातदुखीत हीच जोडी आम्ही आधी वापरतो. तुमच्या घरी आयब्युप्रोफेन नाही, तेवढं आणावं लागेल.

मात्र ते सगळ्यांना चालत नाही. पोटात अल्सर असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, अशा गोळ्यांनी पूर्वी दमा उठला असेल किंवा अंगावर पुरळ आलं असेल, किंवा गर्भावस्था असेल, तर आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. अशा वेळी फक्त पॅरासिटामॉल घ्यावं आणि बाकीचं डॉक्टरांना विचारावं. तुम्ही आजार आणि औषधं नाहीत असं लिहिलं आहे. पूर्वी अशा गोळीची अ‍ॅलर्जी झालेली नसेल, तर पुढचं वेळापत्रक तुम्हाला चालेल.

आज दुपारी तीनच्या सुमारास, पोटात काहीतरी घालून, आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅमची एक आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक अशा दोन्ही गोळ्या एकदम घ्या, पेलाभर पाण्याबरोबर. पाणी साधं किंवा कोमट असू द्या. पुढचा डोस रात्री अकराला, थोडं खाऊन. गोळीचा परिणाम सुरू व्हायला अर्धा ते एक तास लागतो, तेव्हा बारापर्यंत आडवं व्हायच्या बेताने हा डोस घेतलेला बरा. त्यानंतर उद्या सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. मधल्या काळात सहन होईना, तर आधीच्या डोसानंतर किमान चार तासांनी पॅरासिटामॉल ५०० ची एक जास्तीची गोळी घेता येते. आयब्युप्रोफेन मात्र २४ तासांत तीनदाच, म्हणजे १२०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका. पॅरासिटामॉल सगळं मिळून दिवसाला ३ ग्रॅमच्या आत ठेवा.

इथे लोकांची फसगत होते ती पाकिटावर न पाहिल्यामुळे. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकाच गोळीत असलेली पाकिटंही मिळतात. तशी गोळी घेत असाल, तर वर वेगळं पॅरासिटामॉल त्याच वेळी घेऊ नका. डायक्लोफेनॅक किंवा नॅप्रोक्सेन ही आयब्युप्रोफेनच्याच जातीची औषधं आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. असा प्रकार झाला की दुखणं फार कमी होत नाही, पोट मात्र बिघडतं.

आणखी एक, ज्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. दुखणं असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी घेऊ नका. ठणका पूर्ण चढल्यावर त्याला खाली आणायला औषधाला जास्त वेळ लागतो. दुपारी बरं वाटलं म्हणून तीनचा डोस चुकवलेला माणूस रात्री दहाला बिछान्यात बसून असतो. हे दोन दिवस बरं वाटत असलं तरी घड्याळाप्रमाणे घ्या.

अ‍ॅस्पिरिनची गोळी दाताशेजारी हिरडीवर दाबून धरणारे रुग्ण मला नेहमी दिसतात. तिथली त्वचा भाजून पांढरी पडलेली असते, आणि दुखणाऱ्या दाढेबरोबर जखमेचंही दुखणं सुरू झालेलं असतं. गोळी गिळायचीच असते, तोंडात विरघळवून ती नसेपर्यंत पोहोचत नाही. मद्याच्या गुळण्यांचंही तेच, शिवाय या गोळ्यांबरोबर मद्य पोटाला आणि यकृताला घातक ठरतं.

लवंगेचं तेल चालेल, पण बेताने. त्यातलं युजेनॉल नावाचं द्रव्य थोडा वेळ बधिरपणा आणतं. ते उघड्या पडलेल्या भागाला लागलं तरच काम करतं, आणि तुमच्या दाढेत तशी फट असावी. आधी कोमट पाण्याने खळखळून चूळ भरा. फटीत अन्न अडकलं असेल तर दातांच्या दोऱ्याने हलकेच काढा, टाचणी किंवा काडीने टोकरू नका. मग कापसाचा गव्हाच्या दाण्याएवढा बोळा करून त्यावर तेलाचा एकच थेंब टाका. जास्तीचं तेल दुसऱ्या कापसाला टिपा आणि तो बोळा तुटलेल्या कोपऱ्यावर मिनिट-दोन मिनिटं धरून काढून टाका. तेल गालाला, जिभेला, हिरडीला लागलं तर आग होते, वारंवार लागलं तर फोड येतात. दिवसातून दोन-तीनदा पुरे. लहान मुलांना हे तेल लावू नये, पोटात गेलं तर ते विषारी ठरतं. आणि डेंटिस्टला आवर्जून सांगा की लवंगेचं तेल लावलं होतं. युजेनॉलमुळे दाताच्या रंगाचं सिमेंट नीट घट्ट होत नाही, त्यामुळे त्यांना दात आधी स्वच्छ करावा लागतो किंवा तात्पुरतं दुसरं सिमेंट निवडावं लागतं.

कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरायला हरकत नाही. हिरडीला बरं वाटतं, अडकलेलं निघतं. आतल्या नसेची सूज त्याने उतरत नाही, तेव्हा दर तासाला गुळण्या करत बसू नका.

शेक द्यायचा तो थंड, आणि बाहेरून. बर्फ कापडात गुंडाळून गालावर १५ मिनिटं, मग तेवढीच विश्रांती, असं दोन-तीनदा, विशेषतः झोपायच्या आधी. थंडाने दाढ दुखते आहे आणि मी थंडच सांगतो आहे, याचं आश्चर्य वाटेल. गालाच्या बाहेरून दिलेल्या गारव्याने दात एवढा गार होत नाही की कळ यावी. गालाखालच्या रक्तवाहिन्या मात्र थोड्या आवळतात आणि वेदना बोथट होते. गरम शेक देऊ नका. त्याने रक्तपुरवठा वाढतो, आणि मुळाशी पू होत असेल तर सूज झपाट्याने वाढू शकते.

सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आणावी का, असंही बरेच जण विचारतात. झिजलेल्या दातांच्या सणकेवर ती चांगली आहे, पण रोज वापरून परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात. तुमच्या ठणक्याला तिचा इलाज नाही. दोन दिवस दुसऱ्या बाजूने चावा, फार गरम, फार गार, गोड आणि आंबट टाळा, तोंडाने श्वास घेत गार हवेत चालू नका. ब्रश मात्र थांबवू नका. मऊ ब्रश आणि कोमट पाणी वापरा. दुखतं म्हणून ती बाजू घासायची सोडली की हिरडीही सुजते, आणि मग नक्की काय दुखतंय तेच कळेनासं होतं.

आता अँटिबायोटिक. नसेची सूज बहुतेक वेळा किडीतल्या जंतूंमुळेच सुरू होते, म्हणून जंतूनाशक गोळी घ्यावी असं वाटणं साहजिक आहे. पण या टप्प्यावर दुखणं येतं ते बंद पोकळीतल्या दाबातून, आणि अँटिबायोटिकने तो दाब उतरत नाही. या अवस्थेत पेनिसिलिन देऊन पाहिलं गेलं आहे, त्याने वेदना कमी होत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशननेही २०१९ च्या मार्गदर्शनात अशा दातदुखीसाठी अँटिबायोटिक देऊ नये असंच सांगितलं आहे. ताप आला, चेहरा सुजला, म्हणजे संसर्ग दाताबाहेर पसरायला लागला, तेव्हा त्याची गरज पडते. ते कोणतं, किती आणि किती दिवस, हे तपासून ठरतं. उरलेल्या चार गोळ्यांत ते बसत नाही.

परवापर्यंत दुखण्याचा रंग बदलू शकतो, तर त्याचा अर्थ सांगून ठेवतो. दाढेवर दाबलं किंवा चावलं की दुखायला लागलं, दात उंच झाल्यासारखा वाटला, तर सूज मुळाच्या टोकाबाहेर आली आहे. आतापर्यंत नक्की कोणता दात, हे सांगणं तुम्हाला जड जात असेल, कारण आतल्या नसेला जागा नेमकी सांगता येत नाही. खालचं दुखणं वर, कानात, कानशिलात जाणवतं. चावल्यावर दुखायला लागलं की बोट बरोबर त्याच दातावर पडतं. थंडाऐवजी गरमाने कळ येऊ लागली आणि गार पाण्याची चूळ धरली की बरं वाटू लागलं, तर नस मरण्याच्या मार्गावर आहे.

आणि एकाएकी सगळं दुखणं थांबलं, तर जास्त सावध व्हा. एक रुग्ण साधारण तुमच्याच अवस्थेत होते. तीन रात्री जागून काढल्यावर चौथ्या सकाळी ठणका गायब, थंडही लागेना. त्यांनी वेळ रद्द केली. नस मेली होती, म्हणून दुखणं थांबलं होतं, जंतू मात्र आतच होते. काही आठवड्यांनी गाल सुजवून ते आले. दात वाचला, पण पू काढावा लागला आणि उपचार लांबले. ठणका थांबला तरी परवा अकराला तुम्ही त्या खुर्चीत असायला हवं.

काही खुणा दिसल्या तर परवाची वाट न पाहता लगेच, रात्र असली तरी, रुग्णालयात जा. गालाची किंवा जबड्याखालची सूज वाढत चालली, जिभेखालचा भाग कडक होऊन वर उचलल्यासारखा वाटला, तोंड नीट उघडेना, गिळता येईना, लाळ गळू लागली, आवाज बदलला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, डोळ्याजवळ सूज आली, थंडी वाजून ताप आला, यापैकी काहीही. खालच्या मागच्या दाढांचा संसर्ग गळ्याकडे उतरू शकतो आणि श्वासाची वाट दाबू शकतो. जबड्याचं दुखणं चालताना, जिना चढताना वाढत असेल, छातीत जडपणा आणि घाम असेल, तर तो दात नसून हृदय असू शकतं. तिथे डेंटिस्ट शोधत बसू नका.

पहिली गोळी घेण्याआधी आज पाच मिनिटं काढून कागदावर लिहून ठेवा: थंडाची कळ किती वेळ राहते, गरमाने काय होतं, चावल्यावर दुखतं का, रात्री किती वाजता ठणका आला, आणि नंतर कोणती गोळी किती वाजता घेतली. वेदनाशामकाने तपासणीतली थंडाची आणि ठोकण्याची प्रतिक्रिया काही जणांत बोथट होते. हा कागद असला की डेंटिस्टला मूळ चित्र कळतं. ‘तपासताना दुखायला हवं’ म्हणून गोळी बंद करून तळमळत जाऊ नका. परवा सकाळचा सातचा डोस घ्या, क्लिनिकने वेगळं सांगितलं असेल तर तसं करा. सुजलेल्या नसेच्या खालच्या दाढेला भूल लागायला कधी कधी अवघड जातं, आणि आधी आयब्युप्रोफेन घेतलेलं असेल तर ती लागण्याची शक्यता वाढते. तरीही सुरुवातीला दुखलं तर हात वर करा. भूल आणखी देता येते, गरज पडली तर दाताच्या आतही.

तिथे ते दातावर गार बोळा लावून पाहतील, हलकं ठोकून पाहतील, एक्स-रे काढतील. मग भूल देऊन सिमेंट आणि कीड काढतील. नसेची अवस्था पाहून एक तर वरचा सुजलेला भाग तेवढा काढून आत औषध भरतील, किंवा पूर्ण रूट कॅनल करावं लागेल. प्रत्येक ठणक्याला रूट कॅनलच लागतं असं आता राहिलेलं नाही, म्हणून हा प्रश्न तिथे जरूर विचारा. पोकळी उघडून दाब मोकळा झाला की पहिल्या रात्रीचा ठणका बहुतेकांचा जातो. चावताना दोन-तीन दिवस दुखरेपणा राहतो. त्यासाठी लागल्यास याच गोळ्या, याच मापात घ्या. भुलीचा बधिरपणा उतरेपर्यंत त्या बाजूने चावू नका, गाल किंवा ओठ चावला गेला तरी कळत नाही.